सिंगल साइन-ऑन शिकताय? आधी कुकी कुठे आहे ते पाहा

सिंगल साइन-ऑनमध्ये, म्हणजे एकाच लॉगिनवर अनेक ॲप्स वापरताना, पासवर्ड कोणत्याही ॲपकडे जात नाही, हे आधी पक्कं करा. रजेचं ॲप उघडलं की ते ब्राउझरला कंपनीच्या लॉगिन सर्व्हरकडे पाठवतं. तिथे पासवर्ड दिलात की सर्व्हर ब्राउझरमध्ये स्वतःची कुकी ठेवतो आणि तुमची ओळख सांगणारं, सही केलेलं टोकन देऊन ॲपकडे परत धाडतो. मग पगाराचं ॲप उघडलं, तर तीच कुकी पाहून सर्व्हर काही न विचारता नवं टोकन देतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ॲपमधून लॉगआउट केलं तरी सर्व्हरची कुकी उरते; पुन्हा क्लिक केलं की थेट आत! सर्व्हरवरूनही लॉगआउट करवा.
- ईमेलवरून माणूस ओळखू नका, ईमेल बदलू शकतो. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीत टोकनमधला `sub`, म्हणजे त्या माणसाची न बदलणारी ओळखखूण, साठवा.

सॅमल ही सिंगल साइन-ऑनची दुसरी पद्धत नंतर बघू.