मोरॅटोरियम म्हणजे हप्तेमाफी नव्हे

प्रश्न : कर्जाच्या हप्त्याच्या नोटिशीत ‘मोरॅटोरियम, ६ महिने’ असं लिहिलंय. म्हणजे सहा हप्ते माफ झाले का? आणि त्या काळातल्या व्याजाचं काय?

माफ नाहीत, फक्त लांबले. शब्द लॅटिन ‘मोरारी’वरून आला, अर्थ उशीर करणे, खोळंबणे. देवमाशांच्या शिकारीवर मोरॅटोरियम आहे असं म्हणतात तेव्हा तो ‘तात्पुरती बंदी’ असतो. कर्जाच्या कागदावर मात्र बंदी कशावरच नाही, देणेकऱ्याला थांबायची मुभा आहे. मराठीत ‘हप्तेस्थगिती’ चपखल बसतो. ‘स्थगन’ही चालेल, पण ते सभागृहाचं वाटतं.

थांबतो तो हप्ता. व्याज, नोटिशीत स्पष्ट सूट दिलेली नसेल तर, चालूच राहतं. समजा १० लाख मुद्दल बाकी आहे, व्याज वर्षाला ९ टक्के, १२० हप्ते उरलेत. हप्ता येतो १२,६६८. त्यातले पहिल्या महिन्याला ७,५०० व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ५,१६८ ने उतरतं. आता हप्ता थांबला की ते ७,५०० भरले जात नाहीत. बहुतेक करारांत ते मुद्दलात चढतात, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज १०,०७,५०० वर लागतं, ७,५५६. असं करत सहा महिन्यांनी बाकी होते १०,४५,८५२. यात व्याजावरचं व्याज अवघं ८५२ आहे. लोक ओरडतात ते चक्रवाढीच्या नावानं, पण खरा भार त्या ४५,००० चा असतो, कारण पुढची सगळी वर्षं त्यावरही व्याज चढत राहतं.

तो भार दोन तऱ्हांनी वसूल होतो. मुदत १२० हप्त्यांचीच ठेवली, तर हप्ता १३,२४८ होतो, म्हणजे एकूण सुमारे ७०,००० जास्त जातात. हप्ता तोच ठेवला, तर १२० च्या जागी साधारण १२९ हप्ते आणि वर थोडी शिल्लक भरावी लागते. जादा रक्कम सुमारे १,१७,००० होते. सहा हप्ते थांबवले आणि नऊ वाढले, हे गणित बऱ्याच जणांना चुकीचं वाटतं, पण ते बरोबर आहे. हप्ता न वाढवता मुदत वाढवणं हीच अनेकदा ठरलेली पद्धत असते, त्यामुळे खिशाला काही जाणवत नाही.

मुभा घेतली तरी दरमहा निदान ते ७,५०० भरू देतात का, हे विचारा. भरलेत तर मुद्दल १० लाखच राहतं आणि नंतर तेच १२० हप्ते उरतात. नोटिशीत ‘व्याज मुद्दलात मिळवले जाईल’ हे वाक्य शोधा. काही नोटिशींत फक्त मुद्दलाची स्थगिती असते. तिथे व्याज दरमहा भरावंच लागतं, न भरल्यास थकबाकी धरतात. स्थगिती संपल्यावर परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या आणि त्याच्या पहिल्या ओळीतली बाकी जुन्या बाकीशी ताडून पाहा. वाढलेला आकडा तिथेच दिसतो.