पेन्सिल हातात घेऊन वाच

तुझं पत्र पोचलं. ध्यानाबद्दल वाचायचं आहे, पण आत्मा, चक्रं, पूर्वजन्म आले की पुस्तक मिटावंसं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. मिटू नकोस. शेजारी पेन्सिल ठेव आणि समासात तीन अक्षरांपैकी एक लिहीत जा. ‘असं करून बघ’ म्हणणाऱ्या वाक्यापुढे ‘कृ’, म्हणजे कृती. ‘मला असं झालं’ म्हणणाऱ्यापुढे ‘अ’, अनुभव. ‘म्हणून जग असं आहे’ म्हणणाऱ्यापुढे ‘दा’, दावा. कृती करून पाहता येते. अनुभव खोटा म्हणायचं आपल्याला कारण नसतं. पुरावा मागायचा तो दाव्याकडे.

पतंजलीच्या योगसूत्रांवर हे करून बघ. मी कॉलेजात असताना नेमका तिसरा पाद, म्हणजे तिसरं प्रकरण, आधी उघडला. तिथे हत्तीच्या बळावर संयम केला, म्हणजे चित्त पूर्ण एकवटलं, की हत्तीचं बळ मिळतं, चंद्रावर केला की ताऱ्यांच्या रचनेचं ज्ञान होतं. पुस्तक कपाटात गेलं ते कित्येक वर्षं. ताऱ्यांबद्दल आपल्याला जे कळलं ते वेध घेऊन आणि गणित करून, तेव्हा तिथे ‘दा’ लिहून पुढे जायला हवं होतं, एवढंच.

तू पहिला पाद आधी घे. ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’ या सूत्रातला शेवटचा ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, पाहा. ईश्वराला शरण जाणं हाही एक मार्ग आहे, एकमेव नाही. थोडं पुढे श्वास बाहेर सोडून रोखण्याचा मार्ग येतो, तोही ‘वा’ लावूनच, आणि त्या यादीच्या शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे तुला रुचेल त्यावर ध्यान कर. त्याआधी अडथळ्यांची यादी आहे. तिच्यात आजारपण, आळस, संशय यांच्या जोडीला ‘भ्रांतिदर्शन’ही आहे. नसलेलं दिसायला लागणं हा इथे चक्क अडथळा आहे! चित्त विखुरल्याची लक्षणंही दिली आहेत: दुःख, खिन्नता, अंगाची चुळबुळ, श्वासाची ओढाताण. डोळे मिटून दहा मिनिटं बसलीस तर यातली दोन तरी सापडतील. हा सगळा भाग ‘कृ’ आणि ‘अ’ यांचा आहे.

मात्र ‘संशय’ही त्याच यादीत आहे, हे तुला खटकेल. तिथे अडव. बसायचं की नाही हे रोज नव्याने ठरवत राहिलं तर बसणंच होत नाही, इतपत मला पटतं. पण त्या शब्दाच्या आडोशाने कोणी तुझे प्रश्न बंद करू लागला, तर तो ‘दा’ आहे.

आता अगदी वेगळ्या घरातलं एक पुस्तक. अकराव्या शतकात बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारा इस्लामी धर्मपंडित अल्-गझाली १०९५ मध्ये ती मोठी जागा सोडून निघून गेला. पुढे आत्मकथेवजा छोट्या पुस्तकात त्याने आपल्या संशयाची हकीकत लिहिली. माँटगोमेरी वॉट यांचा इंग्रजी अनुवाद आहे. तो म्हणतो, सावली स्थिर दिसते, तासाभराने पाहावं तर सरकलेली असते. तारा नाण्याएवढा दिसतो, भूमिती सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. डोळ्यांना बुद्धीने खोटं पाडलं, तर बुद्धीला खोटं पाडणारं काही वर नसेल कशावरून? स्वप्नातही आपली खात्रीच असते. सुमारे दोन महिने तो असा अडकून होता. सुटला तो युक्तिवादाने नाही, ईश्वराने छातीत टाकलेल्या प्रकाशाने, असं तोच सांगतो. प्रश्नावर तू मान डोलावशील, उत्तरावर नाही. चालेल. प्रकाश दिसला हे ‘अ’, तो कोणी टाकला हे ‘दा’. इतक्या प्रामाणिकपणे हा सांधा उघडा ठेवणारे लेखक थोडे.

मराठीत धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घे. बुद्धचरित्रातल्या चमत्कारांची पुटं ते शांतपणे बाजूला करतात. सोबत कालाम सुत्त, म्हणजे बुद्धाने कालाम लोकांना केलेला उपदेश, वाच, पण पूर्ण. ‘ग्रंथात आहे म्हणून मानू नका’ एवढंच सगळीकडे उद्धृत होतं. त्याच यादीत ‘केवळ तर्काला पटतं म्हणून’ही मानू नका असं आहे, ते आपण बुद्धिवादी सोयीने गाळतो.

एक अट. वाचून उत्साहाने थेट दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नकोस. आधी घरी रोज पंधरा मिनिटं बस. झोप उडाली, भीती दाटून येऊ लागली किंवा आपण आपले नाही असं वाटत राहिलं, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. ‘हीच प्रगती आहे’ असं सांगणारं कोणी भेटलं तर त्याच्या वाक्यापुढे काय लिहायचं ते तुला आता ठाऊक आहे.

अल्-गझालीची माझी प्रत पाठवतो आहे. समासात माझी अक्षरं आहेत. काही ठिकाणी ‘अ’ खोडून ‘दा’ केलेला दिसेल, एका ठिकाणी उलटं. शिवण सुटली आहे, जपून उघड.