अॅडव्हान्सवरचा टीडीएस दोनदा कापू नकोस

कुंडईच्या कारखान्यात पावसाआधी छपराचं गळतीचं काम निघतंच. समज, कंत्राटदार एकटा मालक आहे, म्हणजे दर 1 टक्का. त्याला 28 मे रोजी 40,000 अॅडव्हान्स द्यायचा आहे. बिल नाही म्हणून टीडीएस नाही, हीच नवशिक्याची चूक. बिलाची नोंद किंवा पैसे, जे आधी घडेल तेव्हा कापायचं. पार्टीला 40,000 डेबिट, बँकेतून 39,600, टीडीएस देय खात्यात 400. हे 400 रुपये 7 जूनपर्यंत भरायचे.

जूनमध्ये बिल येतं: काम 1,00,000, जीएसटी 18,000. जीएसटी वेगळा दाखवलाय, त्यामुळे कपात फक्त लाखावर. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं टीडीएस मॉड्यूल इथे सरळ 1,000 कापेल. अॅडव्हान्स बिलाला जोडलास तरच उरलेल्या 60,000 वर 600 कापलं जाईल. पार्टीला देणं 77,400 दिसलं तर बरोबर. 77,000 दिसलं तर टीडीएस दोनदा कापला गेलाय, आणि कंत्राटदाराचा फोन येणारच.

चलन भरल्यावर त्याचा बीएसआर कोड, तारीख आणि क्रमांक त्या-त्या कपातीच्या ओळीवर टाक. नुसतं खातं शून्य करून भागत नाही. तिमाही रिटर्नमध्ये ओळ चुकीच्या पॅनला गेली, तर पैसे भरूनही कंत्राटदाराच्या टीडीएस सर्टिफिकेटमध्ये ती रक्कम येत नाही. म्हणून सर्टिफिकेट पाठवण्याआधी त्यातली रक्कम पार्टीच्या खात्याशी ताडून बघ.

आणि 7 तारीख एका दिवसानेही चुकवू नकोस. मेमध्ये कापून 8 जूनला भरलंस तर व्याज दोन महिन्यांचं, दरमहा दीड टक्का.