प्रश्नोत्तरे : रेणूंची चाल आणि आलेखाचं शेपूट

बहुतेक शंका त्याच त्या असतात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देत आहे. आधी एक गोष्ट. इथे सगळीकडे 'चाल' म्हटलं आहे, 'वेग' नाही. वेगाला दिशा असते. बंद डब्यात रेणू सगळ्या दिशांना सारखेच धावत असल्यामुळे त्यांच्या वेगांची सरासरी शून्य येते. आपल्याला हवी आहे ती दिशा सोडून उरलेली चाल.

वायूचं तापमान २७ अंशांवरून ५४ अंश सेल्सिअस केलं तर रेणूंची चाल दुप्पट होईल ना?

नाही. ३०० केल्विनचे ३२७ केल्विन झाले, आणि चाल वाढते ती तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे वाढ जेमतेम साडेचार टक्के. चाल दुप्पट हवी असेल तर १२०० केल्विन लागतील, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस.

नायट्रोजनची आरएमएस चाल ३०० केल्विनला १६ मीटर प्रति सेकंद आली. पुस्तकात ५१७ आहे. पुस्तक चुकलंय का?

पुस्तक बरोबर आहे. तुम्ही सूत्रातल्या M च्या, म्हणजे मोलर वस्तुमानाच्या, जागी २८ घातलेत; वायू स्थिरांक R = ८.३१४ घेतल्यावर M किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.०२८, घ्यावा लागतो. उत्तर सुमारे ३२ पट लहान आलं की चूक हीच समजा, कारण १००० चं वर्गमूळ ३१.६ आहे.

एकाच वायूला तीन तीन चाली कशाला? परीक्षेत नेमकी कोणती वापरायची?

पाच रेणू घ्या. त्यांच्या चाली २००, ४००, ४००, ५०० आणि ९०० मीटर प्रति सेकंद. सर्वांत जास्त वेळा आलेली चाल ४००. सरासरी ४८०. आता प्रत्येकीचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा आणि तिचं वर्गमूळ घ्या: ५३३. हीच आरएमएस चाल. वर्ग करताना ९०० वाल्याचं वजन फार वाढतं, म्हणून आरएमएस नेहमी सरासरीच्या पुढे असते.

खऱ्या वायूत हेच असंख्य रेणूंवर होतं आणि सूत्रं अशी येतात:

सर्वाधिक संभाव्य चाल: √(2RT/M)
सरासरी चाल: √(8RT/πM)
आरएमएस चाल: √(3RT/M)

३०० केल्विनच्या नायट्रोजनसाठी ४२२, ४७६ आणि ५१७. गुणोत्तर १ : १.१२८ : १.२२५. वायू आणि तापमान कोणतंही असो, ते बदलत नाही. (पाच रेणूंच्या उदाहरणात ते जुळणार नाही, पाच रेणूंना वितरण म्हणत नाहीत.)

दाब किंवा गतिज ऊर्जा विचारली तर आरएमएस, कारण ऊर्जेत चालीचा वर्ग असतो. सेकंदाला किती टकरी होतात किंवा बारीक छिद्रातून वायू किती निसटतो हे विचारलं तर सरासरी. रेणूंच्या चालींचं वितरण दाखवणाऱ्या आलेखाचं शिखर विचारलं तर सर्वाधिक संभाव्य. प्रश्नात नुसतंच 'चाल' लिहिलं असेल तर अंदाजाने सूत्र मारू नका, कोणती अभिप्रेत आहे ते शिक्षकांना विचारा.

सर्वाधिक संभाव्य चाल म्हणजे बहुतेक रेणूंची चाल, बरोबर? आणि तापमान वाढलं की आलेख वर सरकतो, अशी ट्रिक एका व्हिडिओत दिली आहे.

दोन्ही चूक. या ट्रिकांनी जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा सूत्रांनीही घातलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आलेखाची उंची म्हणजे रेणूंची संख्या नव्हे. आडव्या अक्षावर एक पट्टा घ्या. त्या पट्ट्यावरचं क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्या चालीच्या रेणूंचा हिस्सा. ३०० केल्विनच्या नायट्रोजनमध्ये अगदी शिखराभोवतीचा, ४२१.५ ते ४२२.५ मीटर प्रति सेकंद असा पट्टा घेतला, तर त्यात हजारात फक्त दोन रेणू सापडतात. 'बहुतेक' कुठे आहेत? एवढ्याच रुंदीच्या दुसऱ्या कोणत्याही पट्ट्यात याहून कमी सापडतील, इतकाच 'सर्वाधिक संभाव्य'चा अर्थ. शिवाय शिखर म्हणजे मध्य नाही. सुमारे ५७ टक्के रेणू शिखराहून वेगवान असतात, कारण आलेख उजवीकडे लांब ओढलेला आहे. घंटेसारखा सममित काढलात तर सर्वाधिक संभाव्य आणि सरासरी चाल एकाच बिंदूवर येतील, आणि ते चूक आहे.

आता तापमान. रेणू तेवढेच आहेत, म्हणून आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ बदलता येत नाही. तोच नायट्रोजन १२०० केल्विनपर्यंत तापवला की शिखर ४२२ वरून ८४४ वर जातं. रुंदी दुप्पट झाली, तर उंची निम्मी व्हायलाच हवी. म्हणजे शिखर उजवीकडे सरकतं आणि खाली बसतं. तपासायचं असेल तर दोन्ही आलेख एकाच अक्षांवर काढा. दोन्ही शून्यापासून निघतात, डावीकडे गरम वायूचा आलेख खाली राहतो, मग एकदाच छेद होतो आणि पुढे तो वर राहतो. छेदच होत नसेल तर तुम्ही रेणू वाढवलेत, तापमान नव्हे.

पण शिखरापेक्षा आलेखाच्या उजवीकडच्या शेपटाकडे बघा. ८४४ च्या पुढचे रेणू ३०० केल्विनला ४.६ टक्के असतात, १२०० केल्विनला ५७ टक्के. चाल दुप्पट झाली, पण वेगवान रेणूंचा हिस्सा बारा पटींहून अधिक वाढला. आकृती वहीत काढली असेल तर शिक्षकांकडून एकदा तपासून घ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री नको, आत्ताच.

दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो म्हणतात. मग चालही दुप्पट होते का?

३०० चे ३१० केल्विन केले तर सरासरी चाल १.७ टक्के वाढते. नायट्रोजनमधले १२६६ मीटर प्रति सेकंदाच्या पुढचे रेणू मात्र सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात. सगळा फरक शेपटात आहे, आणि अभिक्रिया घडवण्याइतकी ऊर्जा शेपटातल्याच रेणूंकडे असते. 'दुप्पट' हा नियम नाही. सक्रियण ऊर्जा मोलला ५३ किलोज्यूलच्या आसपास असेल आणि तापमान खोलीचं असेल तरच तो आकडा येतो. १०० किलोज्यूल असेल तर त्याच १० अंशांना वेग साडेतीन पटींहून जास्त वाढतो. म्हणून गणितात दिलेली सक्रियण ऊर्जा वापरा, ऐकीव दुप्पट नको.

रेणू इतके वेगवान आहेत, तर स्वयंपाकघरातल्या गॅसचा वास बाहेरच्या खोलीत यायला वेळ का लागतो?

कारण सरळ धावायला वाट मिळत नाही. नेहमीच्या हवेत रेणू दोन टकरींच्या मध्ये मीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी, सुमारे ७० नॅनोमीटर, जातो आणि दिशा बदलतो. वास पोचतो तो मुख्यतः हवेच्या झुळुकीबरोबर. पण हे मोजायला घरी नळी उघडून बघू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.