गाणी वीस, पण स्वर किती? मुलांच्या शिक्षकांविषयी पालकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेली निम्मी पत्रं एकाच गोंधळाची आहेत: शिक्षक चांगले आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? मी स्वतः हार्मोनियम शिकवते, म्हणून उदाहरणं बहुतेक पेटीचीच देते आहे.

दोन क्लास झाले. शिक्षक कसे आहेत हे एवढ्यावरून सांगता येईल का?

नाही. आठ-दहा क्लास होऊ द्या, आणि त्यांतल्या दोन तरी क्लासना शिक्षकांना विचारून कोपऱ्यात गप्प बसा.

सर दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात, पण शिकवतात छान. मनावर घ्यावं का?

घ्यावं, पण आधी मोजावं. सलग आठ क्लासची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. मधे फोनवर गेलेली मिनिटंही धरा. पंचेचाळीस मिनिटांच्या क्लासमधून दर वेळी पंधरा मिनिटं गेली, तर आठ क्लासमध्ये 120 मिनिटं गेली. म्हणजे अडीच क्लासहून जास्त. सर शेवटी वेळ भरून देत असतील तर तेही लिहा, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मग कॅलेंडर समोर ठेवून शांतपणे बोला. पुष्कळदा आधीचा क्लास लांब असतो आणि वेळ अर्धा तास पुढे ढकलली की प्रश्न सुटतो. बोलल्यानंतरही महिनाभर तेच चाललं, तर मात्र दुसरी सोय बघा.

मुलगी नऊ वर्षांची, चौदा महिने पेटी शिकते. वीस गाणी वाजवते, सगळे कौतुक करतात. पण नवीन गाणं स्वतःहून एक ओळसुद्धा बसवता येत नाही. असंच असतं का?

असं असू नये. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण यात मूल दोषी नसतं आणि तरी शेवटी "हिला कानच नाही" असं तिलाच ऐकावं लागतं.

अशाच वयाची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची वाजवायची गती चांगली होती, बोटं सुटी होती. तिला येत असलेलं एक सोपं गाणं मी तिसऱ्या ओळीपासून वाजवायला सांगितलं. ती थांबली, मग पहिल्या ओळीपासून भरभर वाजवत तिसरीपर्यंत आली. नंतर मी म्हटलं, "सा पांढरी एकचा आहे ना, आता पांढरी चारचा धर आणि तीच पहिली ओळ वाजव." सा, रे, ग पांढऱ्या पट्ट्यांवर बरोबर आले. पण पांढरी चारचा सा धरला की शुद्ध मध्यम काळी पाचवर येतो. तिचं बोट सवयीनं शेजारच्या पांढरी सातवर पडलं आणि तीव्र मध्यम वाजला. चूक कुणाचीही झाली असती. मला काळजी वाटली ती याची, की तिला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. ती तशीच पुढे गेली.

वहीत बघितलं तर प्रत्येक गाण्याखाली स्वरांऐवजी पट्ट्यांचे आकडे लिहिलेले होते. म्हणजे इतके महिने तिची बोटं पट्ट्यांचा क्रम पाठ करत होती आणि कानाला कुणी काही विचारलंच नव्हतं. या पद्धतीत गाणी पटापट बसतात, व्हिडिओ छान येतात, पालक खूश होतात. म्हणूनच ती इतकी पसरली आहे. पण एकविसावं गाणं पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

तुम्ही घरी एवढंच करून बघा. मुलीला येणारी एक ओळ आधी स्वरांच्या नावांनी गायला सांगा, मग मधूनच सुरू करायला लावा, मग सा बदलायला सांगा. पाठांतर असेल तर पहिल्याच पायरीवर कळतं: शब्द येतात, स्वर सांगता येत नाहीत. सा बदलल्यावर बोट चुकलं तर घाबरू नका. चुकल्यावर तिचा चेहरा बदलतो का, हात थबकतो का, ते बघा. थबकत असेल तर कान जागा आहे आणि काम सोपं आहे.

मग हे शिक्षकांपुढे ठेवा, तक्रार म्हणून नव्हे. प्रत्येक क्लासची पहिली दहा मिनिटं नवीन गाणं न घेता चार-पाच स्वरांचे तुकडे गाऊन ऐकवायचे आणि तिनं ते शोधून वाजवायचे, एवढंच मागा. दर चार आठवड्यांनी एक न ऐकलेला तुकडा देऊन फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या महिन्यात ती दहा वेळा चाचपडेल, तिसऱ्यात तीन-चार वेळा. चाचपडणं कमी होणं, हीच प्रगती. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा शिक्षक म्हणाले "हे मोठेपणी आपोआप येतं", तर दुसऱ्या जाणत्या शिक्षकांना एकदा ऐकवा. वर्षभर वाट बघू नका; बोटांची सवय जितकी मुरते तितकी ती मोडायला वेळ लागतो.

बाई चुकलं की ओरडतात. शेजारी म्हणतात, कडक शिक्षकांशिवाय विद्या येत नाही.

शेजाऱ्यांचं सोडा. चूक झाल्यावर बाई काय करतात ते बघा. ज्यांच्याकडे संयम आहे ते गाणं थांबवून नेमके चुकलेले दोन-तीन स्वर वेगळे काढतात, निम्म्या लयीत घोटून घेतात आणि मग ओळीत परत जोडतात. "पुन्हा पहिल्यापासून!" एवढंच येत असेल, तर आवाज कितीही गोड असला तरी ते शिकवणं नव्हे. आवाज चढतो पण दुरुस्तीही नीट होते, अशा बाईंशी बोलून बघता येतं. हात उगारणं, अपमान करणं, किंवा क्लासच्या दिवशी मुलाच्या पोटात दुखणं, यापुढे बोलणी नकोत. क्लास बंद करा. दुखणं तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

वर्षाची फी एकदम भरली तर मोठी सवलत आणि तीन महिन्यांत दहा गाण्यांची हमी आहे. भरावी का?

नको. गाण्यांची हमी देणारा पट्ट्यांचे आकडेच लिहून देणार; त्या पद्धतीत गाणी पटापट बसतात, हे वर सांगितलंच. महिन्याची किंवा फार तर तिमाहीची फी भरा, सोडल्यास पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. चाचणी क्लास घेणारेच पुढे शिकवणार आहेत का, हेही विचारा. पहिल्या दिवशी अनुभवी बाई आणि दुसऱ्या आठवड्यापासून नवशिकी मुलगी, हा जुना खेळ आहे. वाद्यही त्यांच्याकडूनच घ्यायचा आग्रह असेल, तर आधी बाहेरच्या जाणकाराला दाखवा.

गणिताच्या शिकवणीचे सर गृहपाठ पूर्ण करून घेतात, वह्या एकदम नीटनेटक्या. हे चांगलं ना?

वही मिटून त्यातलंच एक गणित आकडे बदलून द्या. अडला तर सरांशी बोला.

मुलाचे शिक्षक बदलले. जुन्या शिक्षकांबद्दल इतर पालकांसाठी अभिप्राय लिहायचा आहे. काय लिहू?

रागाच्या आठवड्यात काहीच लिहू नका. नंतर लिहाल तेव्हा मुलाचं वय, सुरुवातीला काय येत होतं, किती महिने शिकलं, किती क्लास उशिरा सुरू झाले, चूक कशी दुरुस्त केली जायची आणि शेवटी मूल स्वतःहून काय करू शकत होतं, एवढं लिहा. "फार छान" आणि "अजिबात जाऊ नका" यांतून दुसऱ्या पालकाला काहीच कळत नाही. मुलाचं नाव घालू नका. आणि छापण्याआधी शिक्षकांना एकदा सांगा. कॅलेंडरवरच्या नोंदी असतील तर ते सांगणं अवघड जात नाही.