किंमत बाजार ठरवतो, खर्च आपण: टार्गेट कॉस्टिंगची प्रश्नोत्तरे

नवीन उत्पादन काढणाऱ्या लघुउद्योजकांची पत्रं येतात त्यांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. माल तयार होतो, खर्च मोजला जातो आणि मग कळतं की त्या किमतीला तो कुणी घेत नाही. तोवर मोल्डचे पैसे गेलेले असतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

आम्ही खर्चावर २० टक्के नफा चढवून किंमत काढतो. टार्गेट कॉस्टिंग म्हणजे हेच ना?

नाही, नेमकं उलटं. इथे ग्राहकाची किंमत आधी येते, तिच्यातून तुमचा नफा वजा होतो आणि उरेल तेवढ्याच खर्चात माल बसवावा लागतो.

हाताने ढकलायचं टोकण यंत्र काढतोय. गावात विचारलं तर शेतकरी म्हणाले, सहा हजारापर्यंत देऊ. तीच किंमत धरू का?

धरू नका. समोर उभं राहून विचारलं की माणूस भिडेखातर मोठा आकडा सांगतो, कारण त्याला लगेच खिशात हात घालायचा नसतो. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत अशी यंत्रं सध्या कितीला जातात? छापील किंमत विचारू नका, बिलावर प्रत्यक्ष किती लागते ते विचारा. मजूर लावून एकरभर टोकण करायला तुमच्या भागात किती पैसे पडतात आणि यंत्राचे पैसे किती एकरांत वसूल होतात? आणि नमुना दाखवून, थोडी रक्कम आगाऊ घेऊन, किती जण नाव नोंदवतात? तिसऱ्या कसोटीत आकडा हमखास खाली येतो, आणि तोच खरा. तुमच्या यंत्रात इतरांपेक्षा जास्त काही असेल तर त्याचे पैसे धरता येतात, पण शेतकऱ्याला ते जास्त वाटलं तरच. तुम्हाला ते बनवायला कष्ट पडले हा त्याचा विषय नाही.

समजा शेतकऱ्याच्या हातात ४,५०० रुपयांना यंत्र पडायला हवं. मग आमच्या हातात खर्चाला किती उरतात?

हा हिशेब सावकाश करू, कारण चुका इथेच होतात. ४,५०० मध्ये जीएसटी आला. पेरणीची यंत्रं ज्या शीर्षकात मोडतात त्यावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. तुमचं यंत्र त्याच शीर्षकात बसतं का, हे कर सल्लागाराकडून लेखी घ्या. ५ टक्के धरले तर कर काढून ४,२८६ रुपये राहतात. दुकानदाराला विक्री किमतीवर १५ टक्के सुटायला हवेत, म्हणजे ६४३ गेले. तुमच्या बिलाची किंमत ३,६४३. त्यावर तुम्हाला १२ टक्के नफा हवा, म्हणजे ४३७. उरले ३,२०६. हा तुमचा परवडणारा खर्च. त्यात कच्चा माल, मजुरी, रंग, खोकं, वाहतूक, वॉरंटीचे सुटे भाग, मोल्डचा वाटा आणि कारखान्याचा वरखर्च असं सगळं बसलं पाहिजे.

दोन ठिकाणी जपा. दुकानदार ‘पंधरा टक्के’ म्हणतो ते त्याच्या विक्री किमतीवर की खरेदी किमतीवर? खरेदीवर धरले तर तुम्हाला नगामागे साधारण ८४ रुपये जास्त उरतात. तोंडी बोलण्यावर जाऊ नका, लिहून घ्या.

दुसरं म्हणजे कराची क्रेडिट. पत्रा आणि पाइप तुम्ही १८ टक्के भरून आणता आणि विकता ५ टक्क्यांनी, त्यामुळे क्रेडिट साचत जातं. कच्च्या मालावरच्या करापोटी परतावा मागता येतो, पण सेवांवर आणि यंत्रसामग्रीवर भरलेला कर त्या परताव्याच्या सूत्रात येत नाही. परतावा मिळेपर्यंत पैसे अडकतात, त्यांचं व्याजही खर्चच आहे. आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मुळीच नाही, हिशेब पहिल्यापासून वेगळा. आकडे पक्के करण्याआधी सीएला दाखवा.

त्याच यंत्राचा आजचा अंदाज ३,८७० येतो. काटकसर करून ३,३२० पर्यंत आणला, ११४ रुपये राहिले. सल्लागार म्हणतात, विक्री १,००० ऐवजी २,००० धरा, फरक मिटतो. बरोबर ना?

मुळीच नाही. या एका युक्तीने मी चांगले कारखाने अडचणीत आलेले पाहिले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी तुम्ही बरोबर केलंत ते. तुमच्या कागदावर ढोल आणि त्याच्या चोचींना १,३२० रुपये लागत होते, कारण प्रत्येक चोच पत्रा कापून हाताने वेल्ड होत होती. ती प्रेसवर दाबून काढायचं ठरवल्यावर खर्च १,०४० वर आला. डायसाठी ९०,००० रुपये लागतील, १,००० नगांवर नगामागे ९०. म्हणजे निव्वळ बचत १९०. यंत्रासोबत बियाण्याचे आठ रोलर देत होता. तुमच्या भागात सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचेच लागतात, म्हणून तीन ठेवून बाकीचे वेगळे विकायला काढलेत, १८० वाचले. दांडा घडीचा केल्याने खोकं लहान झालं आणि टेम्पोत जास्त नग बसू लागले, ११० वाचले. दांड्याला आधीच जस्त चढवलेला पाइप घेतल्याने रंगात निव्वळ ७० वाचले. एकूण ५५०. टार्गेट कॉस्टिंग म्हणतात ते हेच: प्रत्येक भाग शेतकऱ्याच्या काय कामाचा आहे आणि त्यावर आपण किती घालतोय, हे ड्रॉइंग कागदावर असतानाच विचारणं.

आता त्या २,००० नगांकडे या. मोल्डचे २,००,००० आणि डायचे ९०,००० मिळून टूलिंगचे २,९०,००० होतात. १,००० नगांवर नगामागे २९०, २,००० वर १४५. कागदावर १४५ रुपये ‘वाचले’ आणि ११४ ची दरी बुजली. पण यंत्रातला एक नटही बदललेला नाही. बदलला तो फक्त खाली लिहिलेला विक्रीचा आकडा. पाऊस लांबला आणि ६०० च खपली, तर टूलिंग नगामागे ४८३ पडतं. तुम्ही धरले होते १४५. फरक ३३८ चा, आणि तुमचा सगळा नफा ४३७. यात मोल्डच्या कर्जाचं व्याज आणि पडून राहिलेला माल धरलेलाच नाही.

म्हणून माझा नियम असा की विक्रीचा आकडा खर्चाचा तक्ता उघडण्याआधी ठरवायचा, विकणाऱ्या माणसाने सही करून द्यायचा, आणि दरी दिसल्यावर त्याला हात लावायचा नाही. नेहमी त्याहून कमी विक्रीवरही हिशेब करून बघायचा. वरखर्च दुसऱ्या उत्पादनावर ढकलणं ही याच युक्तीची दुसरी तऱ्हा. भाडं, वीजबिल आणि सुपरवायझरचा पगार कुठल्यातरी मालाने भरायचाच आहे.

मग ११४ चं काय? ड्रॉइंगकडे परत जा, पण काही जागा सोडून. चोचींची संख्या कमी करू नका. दोन दाण्यांतलं अंतर त्यावर ठरतं आणि ते पिकाप्रमाणे हवं असतं, त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला विचारा. चोचीचा पत्रा पातळ करण्याआधी काळ्या जमिनीत वाफसा जेमतेम असताना नमुना चालवून बघा. चोच वाकली किंवा मातीने बुजली की दाणा पडत नाही, ढकलणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी ओळीत मोकळ्या जागा दिसतात. ती तक्रार दुकानदाराकडे येते आणि वॉरंटीचे पैसे वाचवलेल्या पैशांहून जास्त जातात. जुळवणीची मिनिटं मात्र मोजा. किती वेगवेगळ्या मापांचे बोल्ट आहेत, किती पान्यांनी काम होतं, ते बघा. अशा ठिकाणी पैसे लपलेले असतात आणि शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. एवढं करूनही ११४ सुटले नाहीत तर डायची ऑर्डर थांबवा आणि आकडे घेऊन एखाद्या कॉस्ट अकाउंटंटसोबत डिझायनरला एका टेबलाशी बसवा. या यंत्राला या किमतीला अजून वेळ आहे, असंही उत्तर निघू शकतं. ते मान्य करायची तयारी नसेल तर लक्ष्य ठरवून उपयोग नाही.

सगळ्या पुरवठादारांना ‘दर १० टक्के कमी करा’ असं पत्र पाठवू का?

नको. सरसकट १० टक्के मागितले की पुढच्या वेळी तो आधीच १० टक्के चढवून कोटेशन देतो, किंवा न सांगता पत्र्याची जाडी कमी करतो. त्याला ड्रॉइंग दाखवून विचारा, हे माप कुठे विनाकारण घट्ट ठेवलंय, कुठला भाग त्याच्या मशीनवर सोपा होईल. त्याला तुमच्याहून जास्त कळतं. वाचलेल्यात त्याचा वाटा किती, ते करारात आधी लिहा.

ऐंशी टक्के खर्च डिझाइनमध्येच ठरतो, असं एका कार्यशाळेत सांगितलं. खरं का?

दिशा खरी आहे. आकडा मात्र उत्पादनागणिक वेगळा असतो, तो कार्यशाळेतून उचलू नका. तुमच्या तक्त्यात कुठला खर्च ड्रॉइंगवर सही झाल्यावर बदलता येत नाही, ते स्वतः मोजा.

नॅनो एक लाखात आणायला गेले आणि गाडी बंद पडली. म्हणजे ही पद्धतच फसवी नाही का?

जानेवारी २००८ मध्ये दाखवलेल्या गाडीची डीलरची किंमत एक लाख होती, व्हॅट आणि वाहतूक वेगळी. ती किंमत आधी धरून गाडी आखली गेली, आणि अभियंत्यांनी ती आखून दाखवली. पुढे कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि ‘सर्वात स्वस्त गाडी’ ही ओळख तिला नडली, हे रतन टाटांनीही जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हा प्रश्न खर्चापेक्षा जास्त होता तो या किमतीला ग्राहकाला नेमकं काय हवंय याचा. हिशेबाच्या पहिल्या ओळीत फक्त रुपये लिहून भागत नाही. त्या रुपयांत काय मिळेल आणि ते घेताना ग्राहकाला कसं वाटेल, हेही तिथेच ठरतं. टोयोटासारख्या जपानी कंपन्या १९६० च्या दशकापासून ही पद्धत वापरत आहेत. एका गाडीवरून तिला फसवी ठरवू नका.

यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

पहिल्या उत्पादनाला एक्सेल पुरेल.

मोल्ड गेल्या महिन्यात तयार होऊन आला. आता लक्ष्य खर्च काढून द्याल का?

काढून देईन, पण फार उशीर झालाय. मोल्डचे पैसे गेले ते गेले. आता हिशेब फक्त पुढच्या खर्चाचा करायचा: हा माल बनवून विकल्यावर नगामागे हाती काय राहतं आणि त्यातून मोल्डचं कर्ज फिटतं का. फिटत नसेल तर पहिली बॅच लावण्याआधी भेटा. येताना मोल्डचं बिल, पुरवठादारांची कोटेशनं आणि दुकानदारांनी लिहून दिलेले दर सोबत आणा.