रिटच केलेल्या फोटोत स्वतःलाच न ओळखणारी बाई: कथेत नेमकं काय बदलावं?

प्रश्न: मला एक लघुकथा लिहायची आहे. एका बाईला तिचाच रिटच केलेला फोटो दाखवतात आणि तिला स्वतःची ओळख पटेनाशी होते. असं खरंच होतं का? फोटोत काय बदललं तर होईल, आणि पुढे गोष्ट कुठे न्यावी?

उत्तर:

होतं, पण फोटोत ती फार सुंदर दिसली म्हणून होत नाही. पोर्ट्रेटचं रिटचिंग हे माझं रोजचं काम आहे. थोडं उजळवलेलं रूप माणसं विनातक्रार आपलं म्हणून घेतात. निकोलस एप्ली आणि एरिन व्हिटचर्च यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या फोटोंत देखणा किंवा कुरूप चेहरा कमीअधिक प्रमाणात मिसळला होता आणि त्यातला आपला खरा फोटो कोणता ते ओळखायचं होतं. लोकांचा कल देखण्या बाजूला झुकलेल्या फोटोकडे होता. म्हणजे तुमच्या नायिकेची त्वचा गुळगुळीत केली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, तर ती बहुधा खूशच होईल. कथेला तिथे काही मिळणार नाही.

ओळख तुटते ती दोन जागी, आणि दोन्ही कामं रिटचर चांगल्या हेतूनेच करते.

पहिली जागा म्हणजे हसू. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी १८६२ सालच्या पुस्तकात दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो. गाल वर सरकतात, खालची पापणी फुगीर होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. आता हसऱ्या फोटोतून ‘सुरकुत्या काढा’ असं सांगितलं की रिटचर काय करते? त्या रेषा पुसते, पापणीखालचा फुगवटा सपाट करते, नाकापासून ओठांपर्यंत आलेली घडी हलकी करते. ओठ तसेच हसत राहतात, पण वरचा अर्धा चेहरा हसायचा थांबतो. नवख्या माणसाला नेमकं काय बिनसलंय ते सांगता येत नाही, फक्त ‘ही कोण?’ असं वाटतं. तुमच्या नायिकेचंही तसंच होऊ द्या. तिने कारण लगेच ओळखलं तर वाचकाला काही शोधायला उरणार नाही.

दुसरी जागा म्हणजे चेहऱ्याचा तिरपेपणा. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. समजा, तिचा डावा डोळा किंचित बारीक आहे आणि त्यावरची भुवई थोडी खाली उतरलेली आहे. फोटोशॉपमध्ये लिक्विफाय हे आकार बदलायचं साधन आहे, त्यात डोळ्याचा आकार आणि उंची बदलायला सरकवायच्या पट्ट्याच आहेत, त्यामुळे दोन्ही डोळे जुळवायला मिनिटही लागत नाही. भुवयांना मात्र जपून हात लावावा. एका जुन्या प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून डोळे पुसले, त्यापेक्षा भुवया पुसल्यावर लोकांना ओळखायला जास्त जड गेलं. म्हणून कथेत तीळ गायब करण्यापेक्षा भुवई दोन केस वर उचला. तीळ गेला की माणूस ‘माझा तीळ कुठाय?’ म्हणून विचारतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. भुवईबद्दल कोणी विचारत नाही.

आणखी एक खोडी हवी असेल तर फोटो उलटा करा. पानाच्या मांडणीत चेहरा मजकुराकडे वळलेला असावा म्हणून तो आडवा फ्लिप करतात, हे अगदी सर्रास चालतं. आपण स्वतःला ओळखतो ते आरशातून, म्हणजे डावं-उजवं बदललेलं. १९७७ च्या एका अभ्यासात बायकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला होता आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटोतला. म्हणजे फ्लिप केलेला फोटो तिला ओळखीचा वाटेल आणि तिच्या घरच्यांनाच खटकेल. ‘बरोबर आहे की!’ असं ती म्हणत असताना मुलगी कपाळाला आठ्या घालून बघत बसलीय, हा प्रसंग मला फार आवडेल. पण सगळं एकाच कथेत घालू नका. मी तुमच्या जागी असते तर फ्लिप दुसऱ्या कथेसाठी ठेवला असता.

गोष्ट मी अशी रचली असती. पन्नाशीच्या आसपासची बाई, कामाच्या ठिकाणच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढलेला. ईमेलने तयार फोटो येतो. तो बघून ती आधी सुखावते आणि घरच्या मंडळींना पाठवते. ‘मस्त आलाय’ असं उत्तरही येतं. संध्याकाळी पुन्हा उघडते तेव्हा ती स्वतःला ओळखते ती चेहऱ्यावरून नव्हे, कानातल्यांवरून आणि ओढणीवरून. मग ती तो चेहरा बोटांनी मोठा करून तुकड्यातुकड्यांनी बघते. नाक माझंच, हनुवटी माझीच, ओठही माझेच. तरीही सगळं जोडल्यावर बेरीज चुकते. इथे घाई करू नका, या कथेची खरी पानं हीच आहेत.

दुसऱ्या दिवशी ती रिटचरकडे जाऊन बसते. आता कामाची एक बारीक गोष्ट सांगते, जी कथेला आयता कणा देईल. रिटचिंग मूळ फोटोवर वेगवेगळ्या थरांत केलेलं असतं. वरच्या थराची ऑपॅसिटी कमी केली की खालचा मूळ चेहरा हळूहळू वर येतो. त्यामुळे काळी वर्तुळं, डाग, सुरकुत्या पाहिजे तेवढ्याच परत आणता येतात. पण डोळ्याचा किंवा भुवईचा आकार बदललेला थर असा अर्धवट ठेवता येत नाही. अर्धवट ठेवला की दोन भुवया एकमेकींवर सरकलेल्या दिसतात, भुतासारख्या. लिक्विफाय परत उघडून आकडे बदलता येतात, पण त्यासाठी डोळा नेमका किती हवा ते ठरवून सांगावं लागतं.

म्हणजे तिच्यासमोर दोन वेगळे प्रश्न येतात. सुरकुत्या किती हव्यात, हे पट्टी सरकवत ठरवता येतं. शंभरवर ती परकी आहे, शून्यावर ती काल रात्री न झोपलेली बाई आहे. ती ‘थांबा’ कुठे म्हणते, त्यावर तुमचं पात्र उभं राहील. माझ्या मते ती साधारण पस्तीस-चाळीसवर थांबेल, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा मात्र पूर्ण परत मागेल, का ते तिला सांगता येणार नाही. डोळ्याबद्दल रिटचर विचारते, ‘पुन्हा बारीकच करू?’ इथे तिला ठरवूनच सांगावं लागतं. ‘हो’ म्हणायच्या आधी ती किती वेळ घेते, तेवढंच लिहा. तिच्या मनातलं भाषण नको.

आणि तिला ‘मला काहीच पुसलेलं नको, मूळ फोटोच छापा’ असं म्हणायला लावू नका. वाचायला ते बरं वाटतं, पण शेजारी बसून फोटो बघणाऱ्यांपैकी तसं म्हणणारं माणूस क्वचितच भेटतं. बहुतेक जण डोळा परत घेतात आणि काळी वर्तुळं निम्मी पुसलेलीच राहू देतात.